मेळ बसलेली वही



नाथमहाराजांची एक गोष्ट आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलेली आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशोबाचे काम करीत असताना एके दिवशी एका पैचा मेळ बसेना. रात्र सरत आली तरी नाथ दिव्यापुढे वही घेऊन बसले होते. पहाटे ती पै सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढी एकाग्रता आणि ती सापडल्याचा एवढा आनंद, तर हेच चित्त भगवंताकडे लागले तर काय होईल? कीर्तनकार इथून पुढे चित्ताच्या एकाग्रतेकडे वळतात आणि ते योग्यच आहे. मी मात्र बत्तीस वर्षे सरकारी कचेरीत लेखापाल होतो. त्यामुळे माझे मन त्या वहीपाशीच रेंगाळते. नाथांना चूक सापडली, कारण वहीचा मेळ बसत नव्हता. पण वहीचा मेळ अगदी बरोबर बसत असेल आणि चूक तरीही आत असेल, तर ती कशी सापडायची?

हा प्रश्न मला आमच्या गावच्या सप्ताहाने विचारला. ती हकीकत आपल्यापुढे मांडतो. आपल्याही गावी सप्ताह होत असेल, वर्गणी होत असेल, काल्याच्या दिवशी पंगत बसत असेल, तर तिचा आपल्याला उपयोग व्हावा एवढीच इच्छा आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. उंबरे सहाशे. बहुतेक कोरडवाहू शेती. पीक कापूस, सोयाबीन आणि तूर. माघ शुद्ध तृतीयेला वीणा उभी राहते आणि दशमीला, म्हणजे तुकोबारायांच्या अनुग्रहाच्या तिथीला, काल्याचे कीर्तन होऊन महाप्रसाद होतो. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, जागर, सगळे रीतीप्रमाणे. माझे वडील त्या वीणेखाली पहारा द्यायचे. मी नोकरीपायी बाहेर राहिलो आणि निवृत्तीनंतर परत गावी आलो.

आल्यावर पहिल्याच दिवाळीनंतर सप्ताह समितीची चार तरुण मुले घरी आली. म्हणाली, "काका, औंदा आपल्याले लेखी बजेट पायजे. वर्गणी मांगाले गेलो का लोक इचारतात, मागच्या पैशाचं काय केलं?" आणखी एक कारण होते. ज्या मंडळाची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी नाही, त्याने धर्मकार्यासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशोब द्यावा लागतो. हे मुलांच्या कानावर आले होते आणि ती घाबरली होती. मी त्यांना म्हटले, परवानगीचा अर्ज सोपा आहे, तो भरू. पण अंदाजपत्रक हे कचेरीसाठी करायचे नसते, आपल्यासाठी करायचे असते. आधी मागच्या तीन वर्षांची वही आणा.

वही आली. शाळेची दोनशे पानी वही, वर श्री लिहिलेले. तीन वर्षांचा जमाखर्च तीन पानांत मावला होता. मागच्या वर्षी जमा २,३६,४०० आणि खर्च २,३६,४००. त्याआधीच्या वर्षी जमा आणि खर्च पुन्हा सारखेच. त्याच्याही आधी तसेच. मुलांना अभिमान वाटत होता. "पाहा काका, एका रुपयाचाही फरक नाही."

माउली, इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. हजारो हातांनी आलेली वर्गणी आणि पन्नास ठिकाणी झालेला खर्च एकाच आकड्यावर येऊन थांबणे हा योगायोग एकदा होऊ शकतो. तीन वर्षे ओळीने होत नाही. खऱ्या वहीत काहीतरी शिल्लक राहते किंवा काहीतरी तूट येते. दर वर्षी शून्यावर मिटणारी वही पाहिली की हिशोबनीस एवढेच समजतो, की यातली एक बाजू दुसरीकडे पाहून लिहिलेली आहे. याचा अर्थ कुणी खाल्ले असाच होत नाही. जेवढे आले तेवढेच गेले असे दाखवायचे, म्हणून उरलेला खर्च वहीबाहेर ठेवलेला असू शकतो. पण तो वहीबाहेर असला तरी कुणाच्या तरी खिशातून गेलेलाच असतो.

मग आम्ही वही बाजूला ठेवली आणि खर्च पुन्हा उभा केला. मुलांना सांगितले, ज्याला ज्याला पैसे दिले त्याच्याकडे जा आणि त्याची चिठ्ठी पाहा. मंडपवाला, कीर्तनकार महाराज, गायक आणि मृदंगवादक, आचारी, गॅसवाला, छापखाना, किराणा. आठवडाभरात आकडे गोळा झाले. मंडप, ध्वनिक्षेपक आणि दिवे ६२,०००. आठ कीर्तनांचे मानधन आणि प्रवासखर्च ७२,०००. गायक-वादक मंडळींचे २८,०००. आचारी, गॅस आणि पत्रावळी २७,०००. छपाई, फुले, पाण्याचा टँकर मिळून १४,४००. हे सगळे वहीशी जुळले. राहिला किराणा. वहीत किराण्याचे ३३,००० होते. दुकानदाराच्या खातेवहीत ६८,५०० निघाले.

एकूण खर्च झाला २,७१,९००. वहीपेक्षा ३५,५०० जास्त.

दुकानदार सांगायला तयार नव्हता. शेवटी त्याने खाते माझ्यापुढे फिरवले. होळीच्या आदल्या दिवशी ३५,५०० रोख जमा होते आणि पुढे आमच्या बाबांचे नाव होते. बाबा म्हणजे आमचे विणेकरी. बावीस वर्षे समितीचे अध्यक्ष. वय सत्तरीच्या पुढे, पाच एकर कोरडवाहू जमीन. त्याच्या मागच्या वर्षी २६,०००, त्याआधी १८,०००. तूट दर वर्षी वाढत होती आणि दर वर्षी ते ती गुपचूप मिटवीत होते.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते ओट्यावर बसून टाळांची दोरी बदलत होते. मी आकडा सांगितला. ते हसले. "भाऊ, देवाचं काम हाय. त्याचा हिशोब तोच ठेवते. तू कायले कागद काळे करते?"

मी विचारले, "पैसे कुठून आणले होते, बाबा?"

ते बोलले नाहीत. त्यांची सून दारात उभी होती, ती बोलली. तुरीचे पैसे सोसायटीचे पीककर्ज भरायला ठेवले होते. ते किराण्यात गेले. मार्चची मुदत हुकली. कर्ज मुदतीत भरले असते तर व्याजाची सवलत मिळाली असती. ती गेली आणि वरून व्याज बसले. घरात दोन महिने कुणी कुणाशी नीट बोलले नाही. एवढे सांगून ती आत गेली.

आमच्या जिल्ह्यात कर्ज हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही, माउली. तो का उच्चारत नाही हे आपण जाणता. सात दिवस ज्या वीणेखाली गाव नाम घेते, ती वीणा खांद्यावर घेणारा माणूस आठव्या दिवशी गावाची उधारी खांद्यावर घेऊन घरी जातो आणि गावाला ते माहीत नसते. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांचे देणे हे दान होते, यात शंका नाही. पण गावाने ते मागितलेले नव्हते, घेतल्याचेही त्याला ठाऊक नव्हते. आणि वहीचा मेळ बसत होता, म्हणूनच ते ठाऊक होत नव्हते.

बाबांनी एकच अट घातली, "माझं नाव लिहू नको." मी ती मान्य केली. पण रक्कम लिहायचीच, हे मीही सोडले नाही. कारण ती न लिहिता नवे अंदाजपत्रक केले असते, तर किराणा पुन्हा ३३,००० धरला गेला असता आणि पुन्हा तेवढीच तूट कुणाच्या तरी माथी आली असती. म्हणून मागच्या वर्षाच्या जमेत एक ओळ वाढवली, एका माळकऱ्याकडून ३५,५००. ही हकीकत इथे लिहायलाही त्यांनी हो म्हटले आहे, त्याच अटीवर.

आता अंदाजपत्रक कसे केले ते सांगतो. आम्ही जमेपासून सुरुवात केली. मुलांची इच्छा खर्चापासून सुरुवात करायची होती. दूरचित्रवाणीवर दिसणारे एक महाराज आणायचे त्यांच्या मनात होते, त्यांचे एकट्याचेच ५१,००० सांगितले गेले होते. मी म्हटले, आधी झोळीत काय पडते ते पाहू.

घरटी वर्गणी ३०० रुपये. सहाशे उंबऱ्यांपैकी मागच्या वर्षी ४७० घरांनी दिली, म्हणजे १,४१,०००. यंदाही तेवढीच धरली. मोठे देणगीदार २०,०००. दानपेटी आणि आरतीचे ताट मागच्या वर्षी ३२,४०० होते, ते ३०,००० धरले. शेवटी काल्याच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर जाहीर होणाऱ्या देणग्या. इथे मुलांनी ६१,००० लिहिले. कारण मागच्या वर्षी तेवढ्या जाहीर झाल्या होत्या. मी पावतीपुस्तक उघडायला लावले. हाती आले होते ४३,०००. काल्याच्या दिवशी मन भरून आलेले असते, माणूस बोलून जातो, पुढे घरी अडचण निघते. त्यात त्याची लबाडी नसते. पण जमेत बोललेला आकडा धरायचा नाही, आलेला धरायचा. आम्ही ४०,००० धरले. एकूण जमा २,३१,०००.

खर्च मागच्या वर्षीचा २,७१,९००. म्हणजे काहीच बदलले नाही तर ४०,९०० ची तूट. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले. वर्गणी वाढवा, असे एक जण म्हणाला. पण वाढवली तर ४७० घरांची ४०० होण्याची भीती होती. मग आम्ही एकेक ओळ घेऊन विचारायला लागलो, ही एवढी का?

मंडपाचे ६२,००० का? कारण आम्ही मंडप पौषात ठरवायचो. माघ शुद्ध पंचमी म्हणजे वसंतपंचमी, लग्नांची दाट तीथ आपल्या सप्ताहाच्या मधोमध येते. त्या आठवड्यात मंडपवाला मागेल तो भाव. कार्तिकातच इसार दिला तर? त्याच मंडपाचे ५४,००० ठरले, इसार १५,०००. पण कार्तिकात तिजोरीत एक रुपया नव्हता, कारण वही शून्यावर मिटलेली. म्हणून मोठ्या देणगीदारांकडे सर्वांत आधी गेलो आणि त्यांच्या २०,००० मधून इसार दिला.

किराण्याचे ६८,५०० का? त्यात तूरडाळच २४,००० ची होती, १२० रुपये किलोने दोन क्विंटल. हे ऐकून एक म्हातारे शेतकरी हसले. "तुरीच्या गावात डाय इकत आणता?" आणि खरेच की. आमच्याकडे तूर पौषाच्या सुमारास निघते. सप्ताह माघात. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरात नोट नसली तरी तुरीचे पोते असते. मग हिशोब केला. एका पानाला ४० ग्रॅम डाळ लागते. काल्याची पंगत अडीच हजार पानांची, म्हणजे एक क्विंटल. सात दिवस दोन वेळा दीडशे पाने, म्हणजे एकवीसशे पाने आणि ८४ किलो. सगळी मिळून पावणेदोन क्विंटलच्या थोडी वर. अख्ख्या तुरीची डाळ भरडून साधारण सत्तर टक्के निघते. म्हणजे पावणेतीन क्विंटल तूर लागणार. पावणेतीनशे घरांनी एक-एक किलो दिली की झाले. भरडाईचे १,५०० धरले. किराणा ६८,५०० वरून ४६,००० वर आला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पैसे वाचले म्हणून तूर वहीबाहेर ठेवायची नाही. शिध्याचे वेगळे पान करा. कुणी किती तूर, गहू, गूळ दिला ते किलोत लिहा आणि त्या दिवसाचा बाजारभाव पुढे मांडा. हीच रक्कम जमेत आणि हीच खर्चात येते, रोख शिल्लक त्याने बदलत नाही. मग उपयोग काय? ज्या वर्षी तूर पिकणार नाही, त्या वर्षी किती रोख जास्त लागेल ते आधीच कळते. आणि तीनशे रुपये देऊ न शकणारी, पण एक किलो तूर देणारी माउली वहीत दात्यांमध्ये येते.

छपाईतून मोठाले फलक काढले, ६,००० वाचले. कीर्तनकार आणि गायक-वादकांच्या मानधनाला हात लावला नाही. ते घरदार सोडून येतात. त्यांची बिदागी घासाघीस करून वाचवायची वस्तू नाही. मुलांचे ५१,००० वेगळ्या भागात लिहिले आणि वर शब्द घातले, शिल्लक राहिल्यास. कुणाला नाही म्हणावे लागले नाही, आकड्यानेच सांगितले.

सगळे मिळून खर्च २,३५,४०० झाला. जमा २,३१,०००. तूट ४,४००.

मुले म्हणाली, काका, दानपेटीचे ३४,४०० करू, मेळ बसेल. माउली, हाच तो क्षण. इथेच वही खोटी होते, आणि ती अगदी भल्या मनाने होते. मी म्हटले, नाही. तूट ४,४०० असेच लिहायचे आणि एकादशीला मंदिरात वाचायचे.

कार्तिक वद्य एकादशीच्या हरिपाठानंतर मी उभा राहून सगळे वाचले. मागच्या वर्षीचा खरा खर्च वाचला. माळकऱ्याची ओळ वाचली. तेव्हा सभामंडपात कुजबूज झाली. कुणाचे नाव कुणी घेतले नाही, पण बऱ्याच माना खांबापाशी बसलेल्या बाबांकडे वळल्या. मी तूट वाचली. बाबा उठायला लागले. ते काय बोलणार हे मला कळले. मी म्हटले, "बाबा, बसा. ही गावाची तूट आहे."

थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग बायकांच्या बाजूने भजनी मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "आचाऱ्याले पोया कायले सांगता? पोया आमी करतो ना."

आचाऱ्याच्या मजुरीत काल्याच्या पोळ्यांचे ६,००० होते. अडीच हजार पाने, पानाला दोन, म्हणजे पाच हजार पोळ्या. साडेचारशेच्या वर घरांनी अकरा-अकरा केल्या तर पुरतात. पीठ घरचे, इंधन घरचे. सगळ्या बायकांनी हात वर केले. खर्च २,२९,४०० झाला आणि तुटीच्या जागी १,६०० शिल्लक आली. एवढीशी रक्कम अडीअडचणीला पुरत नाही, हे मीच सांगितले. पण ती कुणाच्या खिशातून आलेली नव्हती.

अंदाजपत्रक लिहिले म्हणजे काम झाले असे नाही. पैसा किती येणार याइतकेच तो केव्हा येणार हेही महत्त्वाचे असते. कीर्तनकारांची बिदागी त्याच रात्री द्यावी लागते, किराणा मागून देता येतो. कापूस विकेपर्यंत आमच्याकडे वर्गणी येत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक एकादशीला बसायचे ठरवले. एकादशी कुणी विसरत नाही, वेगळी सूचना द्यावी लागत नाही. प्रत्येक बैठकीत तीनच आकडे वाचायचे. या तारखेपर्यंत किती यायला हवे होते, किती आले, किती गेले. पौष वद्य एकादशीपर्यंत १,२५,००० जमा झाले नाहीत तर काय करायचे तेही आधीच लिहिले. बाहेरच्या दोन कीर्तनांऐवजी पंचक्रोशीतल्या महाराजांची सेवा ठेवायची. त्यांना मार्गशीर्षातच विचारून ठेवले. पैसे नसताना रात्री दहा वाजता ठरवायचे आणि कित्येक आठवडे आधी शांतपणे ठरवायचे, यात फार फरक आहे. सुदैवाने ती वेळ आली नाही. मार्गशीर्ष वद्य एकादशीला आम्ही १८,००० ने मागे होतो. मुले त्याच आठवड्यात ज्यांचा कापूस गेला होता त्यांच्याकडे फिरली आणि पौषात आकडा जुळला.

सप्ताह झाला. अंदाज सगळा बरोबर ठरला असे सांगितले तर ते पुन्हा खोटे होईल. काल्याला अडीच हजारांऐवजी एकोणतीसशे पाने झाली. पोळ्या संपल्या, भात दोनदा टाकावा लागला. तांदूळ, तेल आणि साखर मिळून किराणा ५,२०० ने वाढला. दोन रात्री वीज गेली आणि जनित्राच्या डिझेलला ३,६०० लागले, ती ओळच आमच्या कागदात नव्हती. जाहीर देणग्यांचे ४०,००० धरले होते, ३८,००० आले. पण वर्गणी देणारी घरे ४७० ची ५०८ झाली. ही अडतीस घरे का वाढली ते मी विचारले नाही. एका घरच्या माणसाने आपणहून सांगितले. "आंधी वाटे, आपलं दिलं नाही तरी चालते, भागतेच कसंतरी. यंदा आयकलं का कसं भागते."

जमा झाली २,४१,६५०. खर्च २,३८,२००. शिल्लक ३,४५०.

फाल्गुनात हा हिशोब मंदिराच्या भिंतीवर लावला. बाबा चष्मा लावून बराच वेळ वाचत उभे होते. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारले, "हे काय उरलं मंग? मेळ नाही बसला?"

मी म्हटले, "नाही बसला, बाबा."

त्यांच्या जुन्या ३५,५०० चे काय करायचे, हा प्रश्न मी सोडवू शकलो नाही. गावाने परत द्यायचे म्हटले, त्यांनी घेतले नाहीत. दिलेले दान परत घेऊन मी विठोबाला काय तोंड दाखवू, असे ते म्हणाले. त्यापुढे हिशोबनिसाला बोलायला जागा उरत नाही. त्यांच्या सुनेने मात्र होळीच्या दिवशी माझ्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या. सोबतच्या मुलाने निरोप सांगितला, सोसायटीचे पैसे भरले.

आपल्या गावची वही एकदा उघडून पाहा, माउली. ती दर वर्षी शून्यावर मिटत असेल तर चोर शोधू नका. किराणा दुकानात जा आणि खाते कुणी मिटवले ते विचारा.

रामकृष्णहरी.